ट्रॅकिंगचा ठिपका उडतोय किंवा थिजलाय? आधी त्याचं वय बघा

डिलिव्हरी करणाऱ्या रायडरांचे फोन आणि त्यावर चालणारं लोकेशन ट्रॅकिंग सांभाळणं हे माझं काम. तक्रारी रोज येतात आणि शब्द बदलले तरी त्या ठरलेल्याच असतात:

- ठिपका पाच-सात मिनिटं एका जागी थिजतो आणि मग एकदम किलोमीटरभर पुढे दिसतो.
- ठिपका पुढे जातो, मग थोडा मागे सरकतो, पुन्हा पुढे जातो.
- ठिपका रस्ता सोडून इमारतींवरून किंवा थेट नदीतून जातो.
- "५ मिनिटांत पोहोचेल" हा मजकूर वीस मिनिटं तसाच राहतो.
- वेळ ४ मिनिटांवरून अचानक ११ वर जाते आणि थोड्या वेळाने पुन्हा ४ होते.
- रायडर दारात उभा आहे, आणि ठिपका अजून मागच्या चौकात.

यातल्या प्रत्येक लक्षणाचं मूळ वेगळं आहे, तरी शोध एकाच प्रश्नापासून सुरू करायचा. हा ठिपका किती जुना आहे?

ठिपका पार्सलचा नसतो

पार्सलच्या खोक्यात सहसा काहीच बसवलेलं नसतं. नकाशावर हलतो तो रायडरचा फोन, किंवा त्याच्या हातातलं स्कॅनर-यंत्र. पार्सल त्याच्या पिशवीत आहे ही गोष्ट यंत्रणेला कळते ती फक्त सकाळी केलेल्या बारकोड स्कॅनवरून. म्हणून पार्सल एका हबमधून दुसऱ्या हबकडे ट्रकने जात असतं, तेव्हा बहुतेक वेळा ठिपका नसतोच, फक्त स्कॅनच्या नोंदी असतात. त्या टप्प्यावर "ठिपका हलत नाही" ही तक्रार चुकीची ठरते, कारण हलायला तिथे काही नाही.

रायडर निघाला की त्याचा फोन ठरावीक अंतराने स्वतःची जागा मोजतो. आमच्याकडे हे अंतर ३० सेकंदांचं आहे, काही ठिकाणी ते १० किंवा १५ असतं. मोजलेला बिंदू फोनमध्ये साठतो, नेटवर्क असेल तर सर्व्हरकडे जातो, सर्व्हर तो जवळच्या रस्त्यावर बसवतो, मग तुमचं ॲप तो मागून घेतं आणि चित्र काढतं. बिंदू कधी मोजला गेला आणि सर्व्हरला कधी मिळाला, या दोन वेगळ्या वेळा आहेत. सगळं ठीक असताना त्यांच्यात एक-दोन सेकंदांचा फरक असतो. थिजणं आणि उड्या मारणं यातला मोठा हिस्सा या दोन वेळा एकमेकींपासून दूर गेल्यामुळे होतो.

आणखी एक गोष्ट लोकांना सांगावीच लागते. ठिपका नकाशावर जो अलगद सरकताना दिसतो, ते सरकणं ॲपने रंगवलेलं असतं. खरे बिंदू ३० सेकंदांनी एक असे येतात. ॲप मागचा बिंदू आणि नवा बिंदू यांच्यामधलं अंतर हळूहळू कापत जातं, म्हणून ठिपका वाहताना दिसतो. याचा अर्थ तो जवळजवळ एक अंतराल मागेच असतो. ताशी २० किलोमीटरच्या वेगाने ३० सेकंदांत साधारण १६५ मीटर कापले जातात. रायडर दारात आणि ठिपका मागच्या चौकात, हे लक्षण बहुतेकदा एवढंच असतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

काही ॲप मात्र उलट करतात. मागे राहणं लपवण्यासाठी ती ठिपका अंदाजाने पुढे ढकलत राहतात: रायडर याच वेगाने याच रस्त्याने जात असणार, असं धरून. तो सिग्नलला थांबला असेल तर पुढच्या खऱ्या बिंदूला ठिपका मागे ओढावा लागतो. "पार्सल मागे का गेलं?" या प्रश्नाचं हे सर्वांत साधं उत्तर आहे.

पहिली तपासणी: शेवटचं अपडेट कधीचं आहे

बहुतेक ॲपमध्ये नकाशाच्या आसपास "१ मिनिटापूर्वी अपडेट झालं" अशी बारीक अक्षरातली ओळ असते. आधी ती वाचायची. फुकट आहे, पाच सेकंदांचं काम आहे, आणि पुढच्या निम्म्या तपासण्या ती वाचवते.

अपडेट ताजं असेल आणि ठिपका तरी उभा असेल, तर रायडर खरोखर उभा आहे: लिफ्टची वाट बघतोय, कुणाच्या दारात ओटीपी मागतोय किंवा वाहतुकीत अडकलाय. अपडेट जुनं असेल तर ठिपका खोटं बोलत नाही, तो फक्त जुनी बातमी सांगतोय. मग प्रश्न उरतो की ती बातमी वाटेत कुठे अडकली, तुमच्या फोनवर की रायडरच्या.

ॲपमध्ये ही ओळच नसेल, तर पान बंद करून पुन्हा उघडा. उघडताना ॲप सर्व्हरकडून सर्वांत नवा बिंदू मागून घेतं. ठिपका लगेच दुसरीकडे दिसला तर अडथळा तुमच्याकडे होता.

दुसरी तपासणी: पाहणाऱ्याचा फोन

ही पायरी लोक गाळतात, कारण आपला फोन बिघडलाय असं कुणाला वाटत नाही. फोन बिघडलेला नसतोच, तो बॅटरी वाचवत असतो. ट्रॅकिंगचं पान उघडून तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये गेलात, की फोन त्या पानाचं काम मंदावतो किंवा थांबवतो. परत आल्यावर क्षणभर जुनं चित्र दिसतं आणि मग साठलेला सगळा बदल एकदम लागू होतो. ठिपका उडाला असं तुम्हाला वाटतं. ब्राउझरमधल्या मागे पडलेल्या टॅबचंही असंच होतं.

म्हणून बॅटरी सेव्हर बंद करून, पान समोर ठेवून दोन मिनिटं पाहा. घरातलं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एकदा पाहा. उड्या थांबल्या तर शोध इथेच संपला.

तिसरी तपासणी: ठिपक्याऐवजी थांबे मोजा

आता वेळेच्या अंदाजाकडे येऊ. तक्रार ठिपक्याची असते, पण खरा राग वेळेचा असतो.

पोहोचण्याची वेळ काढायला यंत्रणा दोन गोष्टींची बेरीज करते. तुमच्यापर्यंतच्या रस्त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला त्या वेळचा नेहमीचा वेग लावला, की गाडी चालवण्याची वेळ मिळते. तुमच्या आधी जितके थांबे आहेत, त्या प्रत्येकासाठी सरासरी थांबण्याची वेळ त्यात मिळवायची. समजा तुमच्या आधी ४ थांबे आहेत, प्रत्येकी ४ मिनिटं धरली, आणि एकूण रस्ता १० मिनिटांचा आहे. १६ अधिक १०, म्हणजे २६ मिनिटं.

या बेरजेत रस्त्याचा भाग बऱ्यापैकी भरवशाचा असतो. घात करतो तो थांब्यांचा भाग. ४ मिनिटं ही सरासरी आहे; एका दारात पार्सल मिनिटभरात हातात पडतं, तर दुसरीकडे सुरक्षारक्षकाची नोंदवही, बंद लिफ्ट आणि फोन न उचलणारा ग्राहक मिळून १२ मिनिटं जातात. रायडर शेजारच्या गल्लीत दिसतोय, तरी "१८ मिनिटं" का, याचं उत्तरही इथेच आहे. तो तुमच्याजवळ आलाय, पण तुमच्या आधीच्या तीन दारांत जायचा आहे. ठिपका दूर का जातोय, याचंही तेच उत्तर.

"५ मिनिटं" वीस मिनिटं तशीच का राहतात? रायडर तुमच्या आधीच्या शेवटच्या थांब्यावर आहे. यंत्रणा हिशोब करते: इथून निघायला ४ मिनिटं, रस्ता १ मिनिट. मिनिटभराने ती पुन्हा मोजते. रायडरने अजून "डिलिव्हर झालं" दाबलेलं नाही, म्हणून थांबा तिच्या लेखी अजून बाकी आहे. पुन्हा ४ अधिक १. या थांब्यावर आधीच किती वेळ गेला आहे, हे जी यंत्रणा लक्षात ठेवत नाही, ती हेच उत्तर देत राहते. माझ्या मते हा सरळसरळ हिशोबातला दोष आहे, पण तो तुम्हाला किंवा रायडरला दुरुस्त करता येत नाही.

म्हणून ॲप "तुमच्या आधी ३ थांबे" असं दाखवत असेल, तर ठिपक्यापेक्षा त्या आकड्यावर विश्वास ठेवा. तो आकडा जागेच्या मोजणीतून येत नाही, रायडरने बटण दाबल्यावर कमी होतो. आकडा उतरतोय आणि ठिपका थिजलाय, तर डिलिव्हरी चालू आहे, फक्त लोकेशन अडकलंय.

चौथी तपासणी: तुमच्या पत्त्याची खूण

नकाशावर तुमच्या घराची खूण नेमकी कुठे आहे ते मोठं करून पाहा. पोहोचण्याची वेळ त्या खुणेपर्यंतची असते, तुमच्या दारापर्यंतची नाही. पत्ता मजकुरातून नकाशावर आणताना खूण कधी इमारतीच्या मागच्या बाजूला पडते, कधी पूर्ण वसाहतीच्या मध्यावर. मग ॲप "पोहोचला" म्हणतं आणि रायडर मागच्या भिंतीजवळ उभा असतो. पत्ता जपून ठेवताना खूण मुख्य फाटकावर ओढून ठेवली, की ही कटकट त्या पत्त्यापुरती कायमची मिटते.

पाचवी तपासणी: रायडरच्या फोनच्या परवानग्या

इथून पुढचं ज्यांच्या हातात रायडरांचे फोन आहेत त्यांच्यासाठी. माझ्याकडे येणाऱ्या थिजलेल्या ठिपक्यांपैकी बरेच इथेच सुटतात.

अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, मागे चालणाऱ्या ॲपला तासाला मोजक्याच वेळा लोकेशन मिळतं. रायडरने डिलिव्हरीचं ॲप मागे टाकून नकाशाचं ॲप उघडलं, की ही मर्यादा लागू होऊ शकते. ती टाळायला डिलिव्हरीचं ॲप एक कायमची सूचना वरच्या पट्टीत ठेवतं. ती सूचना दिसत असेतोवर फोन त्या ॲपला चालू समजतो. काही रायडर ती सूचना त्रासदायक वाटते म्हणून बंद करतात, किंवा "सगळी ॲप बंद करा" दाबून ॲपच संपवतात. ठिपका ठरावीक अंतराने, दहा-पंधरा मिनिटांनी एक अशा लांब उड्या मारत असेल, तर मी सर्वांत आधी ती सूचना शोधतो.

मग सेटिंग्जमध्ये ॲपची लोकेशन परवानगी पाहायची. `Allow all the time` असेल तर उत्तम. `Allow only while using the app` असतानाही वरची सूचना जिवंत असेपर्यंत काम चालतं, पण फोनने ॲप मारून मागच्या मागे पुन्हा सुरू केलं, तर लोकेशन मिळत नाही आणि रायडरला कळतही नाही.

त्याच पानावर `Use precise location` चालू आहे ना ते बघा. अँड्रॉइड १२ पासून (२०२१) वापरणारा ॲपला फक्त ढोबळ जागा देऊ शकतो, आणि आयफोनवर हीच सोय आयओएस १४ पासून (२०२०) `Precise Location` या नावाने आहे. हे बटण बंद असलं की ठिपका एका मोठ्या वर्तुळातल्या कुठल्याही ठिकाणी दिसतो आणि रस्त्यावर नीट बसतच नाही. याचं लक्षण ओळखायला सोपं आहे: ठिपका थिजत नाही, अपडेट ताजं असतं, पण जागा सतत किलोमीटरभर चुकते.

शेवटी बॅटरी. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये `Unrestricted` निवडायचं. त्याखेरीज काही फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःची वेगळी बॅटरी-राखणी घातलेली असते, आणि तिच्यातही डिलिव्हरीच्या ॲपला सूट द्यावी लागते. चार वाजता बरोब्बर सगळ्या ठिपक्यांचं मागे पडणं सुरू होतं, असं एका तुकडीचं मी पाहिलं. दुपारपर्यंत बॅटरी उतरून सेव्हर आपोआप चालू होत होता. त्यांना फोन चार्ज करायचे वायर गाडीवर बसवून दिले, ॲपला हातही लावला नाही.

सहावी तपासणी: घड्याळ

वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू आहे का, एवढंच बघायचं. मिनिटभराचं काम, पण कारण जरा मजेदार आहे.

अँड्रॉइडवर उपग्रहांवरून मोजलेल्या बिंदूला वेळ मिळते ती उपग्रहांच्या घड्याळाची. मोबाइल टॉवर किंवा वायफायवरून काढलेल्या बिंदूला मात्र फोनच्या घड्याळाची वेळ लागू शकते. आता फोनचं घड्याळ ५ मिनिटं पुढे आहे असं धरा. वायफायवरून एक ढोबळ बिंदू आला. त्याच्यावर पाच मिनिटं पुढची वेळ आहे. त्यानंतर उपग्रहांवरून आलेले अचूक बिंदू सर्व्हरला "जुने" वाटतात आणि तो ते बाजूला टाकतो. पाच मिनिटं ठिपका त्या ढोबळ जागी खिळून राहतो आणि मग सुटतो. म्हणून बिंदूंचा क्रम लावायला फोन सुरू झाल्यापासूनची मोजणी वापरावी, भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ नाही. ॲप बनवणाऱ्यांना मी हे दोनदा लिहून दिलं, तेव्हा कुठे झालं.

सातवी तपासणी: नोंदी वाचणं

वरच्या कशानेही जमलं नाही, तर त्या रायडरच्या बिंदूंची यादी काढायची. एका तक्रारीतल्या ओळी देतो. ग्राहकाचं म्हणणं होतं की ठिपका सात मिनिटं थिजला, मग नदीपलीकडे गेला आणि लगेच परत आला. "तुमचा माणूस फिरायला गेला होता का?" असं विचारलं होतं.

```
captured  received  accuracy_m  provider
14:02:40  14:02:42       6      gps
14:03:10  14:09:31       9      gps
14:03:40  14:09:31      48      gps
14:08:40  14:09:31    1100      network
14:09:10  14:09:32      12      gps
14:09:40  14:09:42       5      gps
```

पहिला रकाना मोजल्याची वेळ, दुसरा सर्व्हरला मिळाल्याची. पहिल्या ओळीत फरक २ सेकंदांचा आहे. दुसऱ्या ओळीत तो सहा मिनिटांच्या वर गेला आहे, म्हणजे २ वाजून ३ मिनिटांच्या सुमाराला डेटा जाणं बंद झालं. तिसऱ्या ओळीत अचूकतेचा आकडा ९ वरून ४८ मीटरवर गेला, म्हणजे उपग्रहही दिसेनासे होत होते. त्यानंतर पाच मिनिटं एकही बिंदू नाही. नेटवर्क आणि उपग्रह दोन्ही एकदम गेले, की मी तळघर समजतो. रायडरला विचारलं; तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावून, मागच्या लिफ्टने वर जाऊन त्याने पार्सल दिलं होतं.

चौथी ओळ ही नदीपलीकडची. तळघरातून बाहेर पडताना फोनला एक टॉवर ओळखण्यापुरतं सिग्नल मिळालं, डेटा पाठवण्यापुरतं नाही. त्या टॉवरवरून फोनने जागेचा अंदाज केला आणि प्रामाणिकपणे सोबत ११०० मीटरचा आकडा जोडला. या आकड्याचा अर्थ असा, की या बिंदूभोवती ११०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर फोन त्यात असण्याची शक्यता साधारण ६८ टक्के. रायडर त्या वर्तुळातच होता, मध्यापासून ९०० मीटरवर. चूक आमच्या नकाशाची: त्याने आकडा न बघता वर्तुळाच्या मध्यावर ठिपका ठेवला.

खात्री करायला वेग काढायचा. चौथा बिंदू आणि पाचवा बिंदू यांच्यात ९०० मीटर आणि ३० सेकंद. म्हणजे ताशी १०८ किलोमीटर, दुचाकीवर, फाटकातून बाहेर पडताना. असा वेग निघाला की दोनपैकी एक बिंदू नकाशावर दाखवण्याच्या लायकीचा नाही, आणि अचूकतेचा आकडा सांगतो की कुठला.

२:०९:३१ ला नेटवर्क आलं आणि साठलेल्या चार ओळी एका सेकंदाच्या आत आल्या. ॲपने त्या एकामागून एक रंगवल्या, म्हणून ग्राहकाला थिजणं, नदी आणि परत येणं हे सगळं दिसलं.

आता वेळेचं काय झालं ते पाहा. ग्राहकाच्या आधी ४ थांबे होते आणि मघाचाच हिशोब, २६ मिनिटं. आमच्याकडे नवा बिंदू आला तरच वेळ नव्याने मोजली जाते, त्यामुळे तो २६ चा आकडा सात मिनिटं तसाच राहिला. २:०९:४० ला रायडर निघाला तेव्हा उरले ३ थांबे, म्हणजे १२ मिनिटं, आणि रस्ता ९ मिनिटांचा, २१. ग्राहकाला वाटलं पार्सल अचानक पाच मिनिटांनी लवकर येणार. प्रत्यक्षात आधीची वेळ २:२८:४० होती आणि नवी २:३०:४० झाली, म्हणजे तळघरातल्या थांब्याने ४ ऐवजी ६ मिनिटं घेऊन दोन मिनिटांचा उशीर केला. "इतकी मिनिटं उरली" असं न दाखवता "२:३० पर्यंत" अशी घड्याळातली वेळ दाखवली, तर हा गोंधळ होत नाही. घड्याळातलं उत्तरही थिजतं, पण ते दर मिनिटाला आणखी चुकत जात नाही.

आम्ही तीन बदल केले. अचूकता १०० मीटरपेक्षा वाईट असेल तर बिंदू नोंदीत ठेवायचा, नकाशावर दाखवायचा नाही. साठलेले बिंदू एकदम आले तर फक्त शेवटचा दाखवायचा. आणि दोन मिनिटांपेक्षा जुना ठिपका राखाडी करायचा, म्हणजे बघणाऱ्याला वय न वाचताही कळतं. इथे एक कबुली. पहिल्यांदा मी १०० ऐवजी २० मीटरची मर्यादा घातली होती. मोकळ्या आकाशाखाली फोनची अचूकता साधारण ५ मीटर असते, म्हणून २० भरपूर वाटले. पण उंच इमारतींच्या गल्लीत उपग्रहाचा सिग्नल भिंतीवर आपटून येतो, लांबचा रस्ता घेतो आणि आकडा सहज ३०-४० होतो. दोन दिवस अरुंद गल्ल्यांमधले सगळे ठिपके थिजलेले होते, आणि दोष माझा होता.

वेळ ४ ची ११ होऊन पुन्हा ४ झाली तर

हे लक्षण वेगळं ठेवलं, कारण यात फोन निर्दोष असतो. बिंदू रस्त्यावर बसवताना यंत्रणेला निवड करावी लागते: उड्डाणपूल की त्याच्या खालचा रस्ता, या बाजूची मार्गिका की समोरची. नकाशावर त्यांच्यात दहा-पंधरा मीटरचं अंतर, आणि बिंदूची चूकही तेवढीच. चुकून समोरची मार्गिका निवडली गेली, की यंत्रणेला वाटतं रायडर उलट दिशेला चाललाय. पुढच्या वळणावरून परत येण्याची सात मिनिटं ती मिळवते. दोन-तीन बिंदूंनंतर दिशा स्पष्ट होते आणि वेळ पूर्ववत होते. मिनिट-दोन मिनिटांत आपोआप सरळ झालं तर सोडून द्या. रोज त्याच जागी होत असेल, तर नकाशातला तो रस्ताच चुकीचा नोंदलेला असण्याची शक्यता जास्त. जागा आणि वेळ टिपून नकाशा पुरवणाऱ्याला कळवा.

कुठे थांबायचं

पार्सलची वाट बघणाऱ्यांनी पहिल्या चार तपासण्यांनंतर थांबावं. शेवटचं अपडेट अर्ध्या तासापेक्षा जुनं आहे आणि थांब्यांचा आकडाही उतरत नाही, तर ग्राहक सेवेला पार्सलचा क्रमांक द्या. रायडरला वारंवार फोन करू नका. तो गाडी चालवत असतो, आणि थिजलेला ठिपका त्याला त्याच्या पडद्यावर दिसतही नाही.

फोन सांभाळणाऱ्यांनी आधी एक प्रश्न विचारावा: एकाचा ठिपका थिजलाय की सगळ्यांचा? सगळ्यांचे एकाच मिनिटाला थिजले असतील, तर एकाही फोनला हात लावू नका. दोष सर्व्हरकडे किंवा नकाशाच्या सेवेत आहे आणि ते काम सर्व्हर बघणाऱ्यांचं. मी एकदा घाईत तीस फोनची सेटिंग्ज बदलली होती आणि मग ती परत लावण्यात संध्याकाळ गेली.

एकाच फोनचा असेल तर तो पाच मिनिटं मोकळ्या आकाशाखाली धरा. उपग्रह आपली नेमकी कक्षा दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, त्यामुळे नेटवर्कची मदत नसली तरी मोकळ्यावर फोनला जागा सापडायला एवढा वेळ पुरेसा असतो. जाड किंवा धातूचं कव्हर काढून आणि वेगळ्या नकाशाच्या ॲपमध्येही तपासा. तरीही अचूकता ५० मीटरच्या खाली येत नसेल, तर अँटेनाचा दोष समजा. हा फोन कधी पडला होता का विचारा. बहुतेकदा पडलेला असतो. असा फोन स्वतः उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि रायडरला त्या दिवसापुरता दुसरा फोन द्या.

आणि नोंदींमध्ये मोजल्याची वेळ मिळाल्याच्या वेळेच्या पुढची दिसत असेल, घड्याळ आपोआप असूनही, तर ते ॲप बनवणाऱ्यांकडे पाठवा. सोबत वरच्यासारख्या दहा ओळी, फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती जोडा. नुसतं "ठिपका उडतो" असं लिहिलं तर ते तुम्हाला पहिल्या तपासणीवर परत पाठवतील.